रेषेचा चढ आणि गोळीतले लोह

शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तुमच्यापैकी अनेकांनी घेतली असेल. किशोरवयीन मुलामुलींसाठी असलेल्या या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. रक्तक्षय टाळण्यासाठी ती दिली जाते. आता समजा, रसायनशास्त्राची आवड असलेल्या काही विद्यार्थ्यांनी ठरवले, की या गोळीत खरोखरच ६० मिलिग्रॅम लोह आहे का, ते आपण मोजून पाहू. त्यांनी प्रयोग केला आणि उत्तर आले ५९.१ मिलिग्रॅम. मग गोळीत लोह कमी आहे असे म्हणायचे का? म्हटले तर तो एक आरोपच होईल. तो करण्यापूर्वी ५९.१ हा आकडा कसा आला, आणि त्यावर कितपत भार टाकता येईल, हे पाहिले पाहिजे.

लोह काही डोळ्यांना दिसत नाही. गोळी सौम्य आम्लात विरघळवली, की लोह पाण्यात उतरते; पण त्या द्रावणाला लोहामुळे आलेला रंग अगदी फिकट असतो. म्हणून त्यात फेनॅन्थ्रोलिन नावाचा पदार्थ घालतात. फेनॅन्थ्रोलिनचे तीन रेणू लोहाच्या एका आयनाला तीन बाजूंनी कवटाळतात आणि नारिंगी-तांबडा रंग तयार होतो. अट एवढीच, की लोह फेरस रूपात हवे. म्हणून आधी हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड घालून फेरिक लोहाचे फेरस करून घेतात आणि सोडियम ॲसिटेट घालून द्रावणाची आम्लता बेताची ठेवतात. दहा-पंधरा मिनिटांत रंग पूर्ण चढतो आणि बराच काळ टिकतो. (ही रसायने विषारी आहेत. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, प्रयोगशाळेतच करायचा.)

लोह जितके जास्त, तितका रंग गडद. पण ‘गडद’ म्हणजे किती गडद? येथे डोळ्याचा उपयोग नाही. त्यासाठी प्रकाशमापक वापरतात. नारिंगी-तांबडे द्रावण निळसर हिरवा प्रकाश गिळते, म्हणून ५१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश एक सेंटिमीटर रुंदीच्या पारदर्शक पात्रातून पाठवतात आणि पलीकडे किती पोहोचला ते मोजतात.

आता असे पाहा. द्रावणाच्या एका थरातून निम्मा प्रकाश पार जातो असे समजा. त्याच्यामागे तसाच दुसरा थर ठेवला, तर उरलेला सगळा प्रकाश गिळला जाईल का? नाही. दुसरा थर त्याच्यापर्यंत आलेल्या प्रकाशाचा निम्मा भाग गिळेल, म्हणजे एकचतुर्थांश प्रकाश पार होईल. तिसऱ्या थरानंतर एकअष्टमांश. लोह समान पावलांनी वाढते, पण प्रकाश मात्र समान पटींनी घटतो. अशा पटींच्या घसरगुंडीचा लॉगॅरिथम घेतला, की तीही समान पावलांनी चालू लागते. मूळ प्रकाशाला पार झालेल्या प्रकाशाने भागून येणाऱ्या संख्येचा लॉगॅरिथम म्हणजे त्या द्रावणाची शोषकता. निम्मा प्रकाश पार झाला तर शोषकता ०.३०१, चतुर्थांश झाला तर ०.६०२, म्हणजे बरोबर दुप्पट. एकदशांश पार झाला तर १. पदार्थाच्या जाडीचा हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ बूगे याने १७२९ साली आणि नंतर लाम्बेर्टने १७६० साली मांडला. संहतीचाही असाच संबंध आहे हे जर्मन शास्त्रज्ञ बेअर याने १८५२ साली दाखवले.

तात्पर्य, शोषकता आणि संहती यांचा आलेख सरळ रेषा असतो. पण त्या रेषेचा चढ किती, हे तुमच्या यंत्राला आणि रसायनांनाच ठाऊक! पुस्तकातला आकडा थेट वापरता येत नाही, कारण यंत्रायंत्रांत थोडाफार फरक असतो. म्हणून ज्यांतले लोह आपल्याला माहीत आहे अशी काही द्रावणे करून रेषा आपणच काढायची. या कामाला अंशशोधन म्हणतात. तापमापीवर अंश खुणावण्यासारखेच हे काम आहे.

विद्यार्थ्यांनी मोहरचे लवण ०.७०२ ग्रॅम तोलून एक लिटर आम्लयुक्त पाण्यात विरघळवले. त्यात दर लिटरला १०० मिलिग्रॅम लोह येते. ते दहापट विरल केले आणि त्यातले १०, २०, ३० आणि ४० मिलिलिटर पिपेटने वेगवेगळ्या चंबूंत घेऊन, वर सांगितलेली रसायने घालून प्रत्येकी १०० मिलिलिटर केले. पाचव्या चंबूत लोह सोडून बाकी सगळे घातले. यंत्र शुद्ध पाण्यावर शून्यावर आणून त्यांनी पाचही द्रावणे मोजली. लोह मिलिग्रॅम दर लिटर या एककात धरले, तर वाचने अशी आली असे आपण समजू:

लोह ० — शोषकता ०.००३
लोह १ — शोषकता ०.२०३
लोह २ — शोषकता ०.३९६
लोह ३ — शोषकता ०.६०२
लोह ४ — शोषकता ०.७९१

आलेखाच्या कागदावर हे पाच ठिपके मांडून पाहा. ते जवळजवळ एका रेषेत आहेत, पण अगदी एका रेषेत नाहीत. पिपेटचा एखादा थेंब कमीजास्त होतो, पात्र दर वेळी किंचित वेगळे बसते, दिवाही थोडा थरथरतो. मग रेषा कोणती धरायची? ठिपक्यांपासून रेषेपर्यंतची उभी अंतरे मोजा, त्यांचे वर्ग करा, आणि त्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल अशी रेषा निवडा. लघुतम वर्गांची ही रीत लजांद्रने १८०५ साली प्रसिद्ध केली.

हिचे गणित वाटते तितके अवघड नाही. लोहाच्या पाच आकड्यांची सरासरी २ आहे आणि शोषकतांची ०.३९९. लघुतम वर्गांची रेषा या सरासरीच्या बिंदूतून जातेच जाते. या बिंदूला आपण खुंटी म्हणू. त्याचे काम पुढे आहे. आता प्रत्येक ठिपका खुंटीपासून आडवा किती दूर आहे ते लिहा: −२, −१, ०, १, २. प्रत्येक अंतराने त्या त्या शोषकतेला गुणा आणि बेरीज करा. ती येते १.९७५. त्याच अंतरांच्या वर्गांची बेरीज ४ + १ + ० + १ + ४, म्हणजे १०. पहिलीला दुसरीने भागले, की चढ मिळाला: ०.१९७५. म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम लोह वाढले, की शोषकता ०.१९७५ ने वाढते. खुंटीपासून दोन पावले मागे आलो, तर रेषा उभ्या अक्षाला ०.३९९ − ०.३९५, म्हणजे ०.००४ वर छेदते.

आता गोळी. तिच्यावरचे निळे आवरण धुऊन टाकून ती आम्लात विरघळवली, गाळली आणि द्रावण एक लिटर केले. त्यातले ५ मिलिलिटर घेऊन, रंग आणून १०० मिलिलिटर केले, म्हणजे वीसपट विरल केले. तीन वेळा मोजून सरासरी शोषकता आली ०.५८८. रेषा उलट बाजूने वाचायची:

संहती = (०.५८८ − ०.००४) ÷ ०.१९७५ = २.९५७

याला २० ने गुणले, की गोळीत ५९.१ मिलिग्रॅम. बहुतेक वह्यांत प्रयोग इथेच संपतो. खरा प्रश्न मात्र इथून पुढे सुरू होतो, कारण ज्या चढाने आपण भागाकार केला, तोच मुळी पाच चुकार ठिपक्यांवरून काढलेला आहे. उद्या तीच द्रावणे पुन्हा करून मोजली, तर ठिपके थोडे इकडेतिकडे पडतील आणि चढ ०.१९७५ च येईल असे नाही. तो किती हलू शकतो?

प्रत्येक ठिपका रेषेपासून वर किंवा खाली किती आहे ते सहस्रांशांत लिहू: −१, +१.५, −३, +५.५, −३. यांच्या वर्गांची बेरीज ५१.५ होते. ठिपके पाच असले, तरी त्यांच्यापैकी दोघांइतकी माहिती रेषेचा चढ आणि उंची ठरवण्यात खर्च झाली; म्हणून पाचने नव्हे, तीनने भागायचे. (दोन ठिपक्यांतून रेषा नेहमीच अचूक जाते; तेव्हा दोनच द्रावणे घेऊन रेषा काढली, तर चूक किती हे कळायला काही उरतच नाही.) भागाकार १७.२, त्याचे वर्गमूळ ४.१. म्हणजे एखादे वाचन रेषेपासून साधारण ४ सहस्रांश भरकटते. चढाची अनिश्चितता काढण्यासाठी या ४.१ ला मघाच्या १० च्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने भागायचे: १.३ सहस्रांश.

या १.३ वर एक संस्कार बाकी आहे. केवळ पाच ठिपक्यांवरून काढलेला विखुरण्याचा अंदाज स्वतःच कच्चा असतो. किती कच्चा, याचे कोष्टक गॉसेट नावाच्या रसायनज्ञाच्या कामातून मिळाले. हा डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होता आणि त्याने १९०८ साली आपला शोधनिबंध ‘स्टुडंट’, म्हणजे ‘विद्यार्थी’, या टोपणनावाने छापला. वीसपैकी एकोणीस वेळा खरी ठरेल अशी मर्यादा हवी असेल, तर आपल्या बाबतीत ३.१८ ने गुणावे असे ते कोष्टक सांगते. गुणाकार ४.२ सहस्रांश. म्हणजे चढ ०.१९३३ पासून ०.२०१७ पर्यंत कुठेही असू शकतो.

आता खुंटी कामाला येते. रेषा म्हणजे एक लांब पट्टी आहे आणि ती सरासरीच्या बिंदूवर एका खिळ्याने ठोकली आहे अशी कल्पना करा. चढ बदलला, की पट्टी खिळ्याभोवती फिरते. खिळ्याजवळ ती जेमतेम हलते. टोकाला मात्र चांगलीच वरखाली होते. आपली गोळी खिळ्यापासून किती दूर आहे? शोषकतेचे अंतर ०.५८८ − ०.३९९ = ०.१८९. ते दोन टोकांच्या चढांनी भागून पाहा. कमी चढाने संहती २.९७८ येते, जास्त चढाने २.९३७. वीसने गुणल्यावर फरक ५९.१ च्या दोन्ही बाजूंना ०.४ मिलिग्रॅम.

याशिवाय आणखी दोन शंका आहेत. गोळीची वाचने स्वतःच थोडी भरकटलेली असणार: तीन वाचनांची सरासरी घेतल्यामुळे ४.१ ला ३ च्या वर्गमुळाने भागायचे, मग चढाने भागून ३.१८ आणि २० ने गुणायचे. त्यातून येते ०.७७ मिलिग्रॅम. तसेच खिळा ठोकलेली जागाही पाच वाचनांची सरासरीच आहे, तिच्यापायी ०.६ मिलिग्रॅम. या तीन शंका परस्परांशी ठरवून चुकत नाहीत; कधी एक वर, तर दुसरी खाली. म्हणून त्यांची सरळ बेरीज करत नाहीत. काटकोन त्रिकोणात करतो तसे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतात. ०.४, ०.७७ आणि ०.६ यांचे असे उत्तर येते सुमारे १.०५.

तेव्हा गोळीत लोह ५९.१ मिलिग्रॅम, १ मिलिग्रॅम कमी किंवा जास्त. म्हणजे ५८.१ आणि ६०.१ यांच्या दरम्यान. वेष्टनावरचे ६० त्यात बसते. ‘लोह कमी आहे’ असे या प्रयोगाच्या आधाराने म्हणता येणार नाही. ‘बरोबर ६० च आहे’ असेही म्हणता येणार नाही, हेही ध्यानात घ्या.

याच गोळीबाबत दुसरा एक गट काय करतो ते पाहू. लोहाचे प्रमाण द्रावण वाचवण्यासाठी त्यांनी ०, ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ मिलिग्रॅम दर लिटर अशी पाच द्रावणे घेतली. त्यांचे यंत्र तेच, हात तितकाच स्थिर, विखुरणे तेवढेच ४.१ सहस्रांश, आणि योगायोगाने चढही तोच ०.१९७५ आला. गोळी मात्र त्यांनी आपल्यासारखीच विरल केली, शोषकता ०.५८८. त्यांचेही उत्तर ५९.१ च. मग फरक तो काय?

त्यांची खुंटी ०.५ वर आहे आणि ठिपके तिच्याभोवती दाटीने उभे आहेत. आडव्या अंतरांच्या वर्गांची बेरीज आपल्यासारखी १० नाही, ती फक्त ०.६२५ आहे. वर्गमूळ ०.७९. तेव्हा चढाची अनिश्चितता ४.१ भागिले ०.७९, म्हणजे ५.२ सहस्रांश, आपल्या चौपट. ३.१८ ने गुणल्यावर त्यांचा चढ ०.१८०८ ते ०.२१४२ असा कुठेही असू शकतो. आणि गोळी तर खुंटीपासून खूप दूर, रेषेच्या कुणी न पाहिलेल्या भागात! कमी चढ धरला तर गोळीत ६३.७ मिलिग्रॅम लोह, जास्त धरला तर ५५.३. उत्तर तेच दिसले, तरी त्यांच्या बाबतीत ते ५९, चार कमी किंवा जास्त, असे आहे. ही शंका गोळीचे द्रावण शंभरदा मोजूनही कमी होणार नाही, कारण ती गोळीच्या वाचनात नाही, चढात आहे. गोळीची वाचने वाढवली, तर फक्त ते ०.७७ घटते.

या गटाला दोन मार्ग आहेत. गोळीचे द्रावण आणखी विरल करून ते आपल्या ठिपक्यांच्या मधे आणणे हा एक. पण मग जास्त पटीने गुणावे लागते आणि वाचनातली बारीकशी चूकही तितक्याच पटीने फुगते. दुसरा आणि बरा मार्ग म्हणजे ठिपके लांबवर पसरणे. चढ पक्का करायचा तर पट्टीची टोके धरावी लागतात. आणि पहिल्या गटाने पाचही द्रावणे दोन-दोनदा तयार करून मोजली, तर दहा ठिपक्यांसाठी गॉसेटचा गुणक ३.१८ वरून २.३१ वर उतरतो आणि त्यांच्या चढाची अनिश्चितता जवळजवळ निम्मी होते.

मग ठिपके १० किंवा १५ मिलिग्रॅमपर्यंत का पसरू नयेत? कारण तेवढी शोषकता यंत्राला झेपत नाही. शोषकता २ म्हणजे शंभरातला एकच भाग प्रकाश पार होतो. यंत्रात इकडूनतिकडून शिरलेला भटका प्रकाश अशा वेळी त्यात मिसळतो, शोषकता खरी असते त्यापेक्षा कमी दिसते आणि रेषा वरच्या टोकाला वाकते. हे ओळखायचे कसे? ठिपक्यांची रेषेपासूनची अंतरे चिन्हांसह क्रमाने लिहा. आपल्याकडे ती −, +, −, +, − अशी विस्कळीत होती. ते चांगले लक्षण. दोन्ही टोकांना उणे आणि मधे सलग अधिक असा क्रम आला, तर ठिपके कमानीवर आहेत आणि तुम्ही कमानीवर पट्टी ठेवली आहे असे समजा. गणकयंत्र जो सहसंबंधाचा वर्ग देते त्यावर विसंबू नका. आपल्या रेषेसाठी तो ०.९९९९ येतो, आणि तरीही उत्तरात मिलिग्रॅमभर शंका उरलीच की!

आणखी एक चूक मात्र ठिपक्यांकडे कितीही वेळ पाहिले तरी दिसणार नाही. मोहरचे लवण ०.७०२ ग्रॅम तोलायचे होते. शाळेचा तराजू ग्रॅमच्या शतांशापर्यंतच दाखवत असेल, तर ०.७० दिसताना प्रत्यक्षात ०.६९५ ते ०.७०५ काहीही असू शकते. ही सुमारे पाऊण टक्क्याची चूक पाचही द्रावणांत सारख्याच प्रमाणात जाते. रेषा सरळच राहते, ठिपके मुळीच विस्कटत नाहीत, फक्त सगळा चढ पाऊण टक्क्याने खोटा होतो, आणि त्याबरोबर गोळीतले लोह सुमारे ०.४ मिलिग्रॅमने. यावर उपाय एकच: मोहरचे लवण दुसऱ्यांदा, स्वतंत्रपणे तोलून नवे द्रावण करा आणि त्यातले ३ मिलिग्रॅमचे एक द्रावण जुन्या रेषेवर वाचून पाहा. किंवा पहिल्यांदाच दहापट लवण तोला आणि द्रावण तितकेच जास्त विरल करा. शतांशाची चूक मग सात ग्रॅमवर पडते.

आणि एक गोळी म्हणजे सगळी बाटली नव्हे. दोन गोळ्यांतही थोडा फरक असतोच. औषधांची तपासणी करणारे वीस गोळ्या एकत्र तोलतात, त्यांची पूड करतात आणि त्या पुडीतून सरासरी एका गोळीच्या वजनाइतका भाग घेतात. तसे केले आणि उत्तर ५७ आले, एक कमी किंवा जास्त, तर ती गोष्ट शिक्षकांच्या कानावर घालण्यासारखी आहे.